सगळ्यात वरचा सर्व्हर का तापतो?

सर्व्हर रूमचं दार उघडलं की अंगावर गारवा येतो. तरीही रांगेच्या टोकाला असलेल्या रॅकमधला सगळ्यात वरचा सर्व्हर तापल्याची सूचना देत राहतो. मग एसी आणखी दोन अंश खाली उतरवला जातो. त्याने वीज जास्त जाते, खालचे सर्व्हर गारठतात आणि वरच्याला फारसा फरक पडत नाही. हवा गार असून भागत नाही, ती त्या सर्व्हरच्या तोंडापर्यंत पोचावी लागते. तिची वाट डोळ्यांना दिसत नसल्याने ती संगणकावर गणिताने काढतात. या पद्धतीला सीएफडी, म्हणजे संगणकीय प्रवाहगतिकी म्हणतात.

एक साधी खोली घेऊ. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, तीन मीटर उंच. त्यात चार-चार रॅकच्या दोन रांगा, तोंडं समोरासमोर. मधल्या वाटेत जमिनीवर आठ जाळीच्या टाइल्स. उचललेल्या फरशीखालून एसीची १८ अंशांची हवा या टाइल्समधून वर येते. सर्व्हर ती पुढून ओढून घेतात आणि गरम करून मागे सोडतात. प्रत्येक रॅक ४ किलोवॅटचा, म्हणजे एकूण ३२ किलोवॅट उष्णता. सर्व्हरमधून जाताना हवा १२ अंशांनी तापते असं धरलं, तर एका रॅकला तासाला सुमारे १,००० घनमीटर हवा लागते आणि आठ रॅकना ८,०००. आता समजा, एसी ७,०००च देतो.

उरलेली १,००० घनमीटर हवा कुठून येणार? सर्व्हरचे पंखे ती ओढणारच, कारण समोर गार हवा आहे की गरम, हे त्यांना कळत नाही. मागची सुमारे ३२ अंशांची हवा रॅकच्या डोक्यावरून आणि रांगेच्या टोकाला वळसा घालून पुढे येते. टाइलमधून वर चढणारी हवा खालच्या सर्व्हरनी आधीच घेतलेली असते, म्हणून हा वळसा वरच्याच्या वाट्याला येतो. त्याच्या तोंडाशी दोन भाग गरम आणि एक भाग गार हवा मिसळली, तर तापमान २७ अंशांच्या वर जातं. अमेरिकेतली अ‍ॅश्रे ही वातानुकूलन अभियंत्यांची संस्था सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंशांची शिफारस करते. शिवाय तो सर्व्हर जी हवा मागे सोडतो ती आता ३९ अंशांची असते, आणि तिच्यातलीच काही पुन्हा वळून येते.

हवा कमी पडते हे कागदावरच्या हिशेबातून कळलं. ती नेमकी कोणाला कमी पडेल, यासाठी सीएफडी लागतं.

त्यासाठी खोलीचे लहान-लहान खण पाडतात. या खणांच्या जाळीला मेश म्हणतात. प्रत्येक खणासाठी हवेचा वेग, दाब आणि तापमान यांची समीकरणं सोडवली जातात. १० सेंटिमीटरचे खण घेतले तर आपल्या खोलीत ९०,००० खण होतात. ५ सेंटिमीटरचे घेतले तर सात लाखांच्या वर, आणि अडीचचे घेतले तर सत्तावन्न लाखांच्या पुढे. बाजू निम्मी केली की संख्या आठपट होते, म्हणून सगळीकडे बारीक खण पाडणं परवडत नाही. जिथे थोड्या अंतरात खूप काही बदलतं तिथेच ते बारीक करायचे: टाइल्सच्या वर, रॅकच्या माथ्यावर, टोकाच्या वळणावर आणि रॅकमधल्या रिकाम्या फटींपाशी. छताजवळच्या कोपऱ्यात मोठे खण चालतात.

जाड मेशचा तोटा असा की एका खणात एकच सरासरी तापमान मावतं. गरम हवेचा पातळ पट्टा मोठ्या खणात शिरला की गणितात शेजारच्या गार हवेत मिसळून जातो. प्रत्यक्षात जो सर्व्हर तापतो, तो चित्रात बरा दिसतो. म्हणून एकाच मेशवरच्या उत्तरावर थांबू नये. मेश बारीक करून वरच्या सर्व्हरच्या तोंडाचं तापमान पुन्हा काढावं, आणि ते हलायचं थांबेपर्यंत हेच करत राहावं. पूर्ण खोलीची सरासरी पाहिली तर ती पहिल्या मेशपासूनच स्थिर दिसते आणि फसवते.

पुढची निवड खळबळीच्या मॉडेलची. टाइलमधून निघालेली हवा सरळ जात नाही, तिच्यात लहान-मोठे भोवरे असतात. प्रत्येक भोवरा पकडायचा तर अडीच सेंटिमीटरचे खणही फार मोठे ठरतात. म्हणून वेगाची सरासरी घेऊन भोवऱ्यांचा परिणाम मॉडेलने भरून काढतात. सर्व्हर रूमसाठी बहुधा के-एप्सिलॉन मॉडेल वापरतात. भोवऱ्यांमध्ये किती ऊर्जा आहे आणि ती किती वेगाने विरते, या दोन गोष्टी ते मोजतं. खोलीतल्या जवळपास ठप्प कोपऱ्यांत ते चुकू शकतं, कारण हवा सगळीकडे पुरती खळबळलेली आहे असं ते धरून चालतं. के-ओमेगा एसएसटी हे मॉडेल भिंतीलगतच्या प्रवाहात अधिक नेमकं असतं, पण त्याचा पूर्ण फायदा घ्यायचा तर भिंतीला चिकटून अत्यंत पातळ खणांचे थर लावावे लागतात. आपल्या खोलीत उष्णता भिंतीतून येत नाही, सर्व्हरमधून येते, आणि सर्व्हर आपण उष्णता देणारी पोकळ पेटी म्हणूनच दाखवलेला असतो. म्हणून ते खण मी भिंतीऐवजी रॅकच्या माथ्यावर खर्च करीन. गरम हवेचं वर जाणं मात्र समीकरणातून वगळू नये. या मंद वेगाला हवेचं हलकेपण टाइलच्या झोताच्या तोडीचं असतं.

माझ्या मते यापेक्षा मोठी चूक टाइलपाशी होते. टाइल ६० सेंटिमीटर चौरस असते आणि तिचा समजा २५ टक्केच भाग उघडा असतो. आपल्या खोलीत एका टाइलमधून जेवढी हवा येते ती संपूर्ण टाइलवर पसरली असं धरलं, तर वेग सेकंदाला सुमारे ०.६७ मीटर येतो. पण भोकांमधून ती २.७ मीटरने निघते. हवा तेवढीच, पण वर जाण्याचा जोर चौपट. पहिला वेग मॉडेलमध्ये घातला तर झोत वाटेतच मरगळतो, आणि दुसरा जोर धरला तर तो आजूबाजूची हवा ओढत माथ्यापर्यंत जातो. खळबळीचं मॉडेल बदलून हा फरक भरून निघत नाही.

प्रत्येक टाइलमधून सारखी हवा येते हेही खरं नसतं. एसीच्या अगदी जवळच्या टाइलमधून सर्वांत कमी हवा येऊ शकते, कारण तिथे फरशीखाली हवा जोरात आडवी धावत असते आणि दाब कमी असतो. कधी तर ती टाइल खोलीतली हवाच खाली ओढते. या विषयावर काम केलेल्यांत सुहास पाटणकर हे महत्त्वाचं नाव आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ साली पदवी घेतलेल्या पाटणकरांनी ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासह १९७२ साली दाब आणि वेग यांची सांगड घालणारी सिंपल ही पद्धत मांडली. ओपनफोम या मोफत प्रणालीत अशा खोलीसाठी वापरल्या जाणाऱ्या buoyantSimpleFoam या प्रोग्रामच्या नावातलं Simple हे तेच.

उत्तर आलं की आधी हिशेब जुळतो का ते पाहावं. सर्व्हरनी दिलेली ३२ किलोवॅट उष्णता एसीकडे परतलेल्या हवेत सापडली पाहिजे. नंतर खोलीत जाऊन टोकाच्या रॅकच्या पुढच्या बाजूला खाली, मध्ये आणि वर असे तीन सेन्सर लावावेत. वरच्या सेन्सरचा आकडा मॉडेलशी जुळला नाही, तर खळबळीचं मॉडेल बदलण्याआधी टाइल्सवर हवा मोजण्याचा हूड ठेवून प्रत्येकीतून खरंच किती हवा येते ते मोजावं. मॉडेल जुळल्यावर रॅकच्या रिकाम्या जागांवर ब्लँकिंग पॅनेल लावून आणि एसीची हवा ८,०००वर नेऊन गणित पुन्हा चालवावं. पॅनेलने रॅकच्या आतून पुढे येणारी गरम हवा अडते, पण माथ्यावरून येणारी अडत नाही. ती किती उरते, हे त्या वरच्या सर्व्हरच्या तोंडाशीच कळतं.