पितृपक्षात भरणारी गोदामं

पितृपक्षात बाजार थंड असतो. नवी खरेदी नको, म्हणून दुकानदार माश्या मारत बसतात. भिवंडीच्या गोदामांत मात्र नेमकी याच पंधरवड्यात पाय ठेवायला जागा नसते. घटस्थापनेच्या सुमारास ऑनलाइन सेल लागतात आणि त्यात विकायचा माल त्याआधी रॅकवर चढलेला असावा लागतो. गणपतीपासून आवक वाढायला लागते आणि पितृपक्षात ती सहज दुप्पट होते. त्यातून गणपतीला कोकणात गेलेली माणसं वेळेवर परततीलच असं नाही. गाड्या जास्त आणि हात कमी, अशी ही वेळ.

अशा वेळी गोदामाचा मॅनेजर साधा त्रैराशिकाचा हिशेब करतो. माल दुप्पट, तर माणसं दुप्पट. ठेकेदाराला फोन जातो, सोमवारी नवी माणसं हजर होतात आणि मंगळवारी संध्याकाळी डॉक तुंबतो. असं का होतं, हे एका नमुन्याच्या गोदामावर पाहू.

समजा, तिथे रोज 8,000 खोकी येतात. गाडी रिकामी करण्याचं काम माथाडी टोळीचं. महाराष्ट्रात 1969च्या माथाडी कायद्याखाली मंडळात नोंदलेले कामगार ते करतात आणि त्यांची मजुरी बहुतेक ठिकाणी नगावर किंवा वजनावर ठरते. त्यामुळे टोळी झपाट्याने गाडी खाली करते. पुढची दोन कामं गोदामाच्या माणसांची. एक, खोकी मोजून, स्कॅन करून आवकेची नोंद करणं. दुसरं, ती नेमून दिलेल्या रॅकवर ठेवणं. पहिल्या कामात एक माणूस तासाला 80 खोकी उरकतो, दुसऱ्यात 50, असं धरू. मग 8,000 खोक्यांना 100 आणि 160, मिळून 260 तास लागतात. नऊ तासांच्या पाळीतून जेवण, चहा, हजेरी, सूचना आणि पाळी बदलतानाची देवघेव वजा केली की साडेसात तास उरतात. म्हणजे प्रत्यक्ष हजर अशी 35 माणसं हवीत.

आवक 16,000 झाली. मॅनेजरने आणखी 35 माणसं आणली. पण नव्या माणसाला रॅकचे पत्ते ठाऊक नसतात, स्कॅनर हाताळता येत नाही, कुठलं खोकं उभं ठेवायचं आणि कुठलं आडवं हे कळत नाही. पहिल्या आठवड्यात तो मुरलेल्या माणसाच्या साठ टक्के काम करतो असं धरलं, तर 35 नवी माणसं 21 जणांएवढीच ठरतात. 70 डोकी, पण काम 56 जणांचं. रोज 520 तास हवेत, मिळतात 420. परिणामी रोज साधारण 3,000 खोकी रॅकवर न चढता डॉकमागच्या मोकळ्या जागेत पडून राहतात. त्या जागेत 5,000 खोकी मावत असतील, तर दुसऱ्याच दिवशी ती भरते. टोळी माल उतरवायला तयार, पण टेकवायचा कुठे? गाड्या फाटकाबाहेर उभ्या राहतात, हॉल्टिंग लागू होतं आणि वाहतूकदाराचे फोन सुरू होतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हमाल अपुरे पडले. अडलेलं असतं रॅकवर ठेवणं.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नवी माणसं दोन आठवडे आधी बोलावणं. फुकट पगार द्यायचा का, असं मालक विचारतो. पण आयत्या वेळच्या जादा तासाला कायद्याने दुप्पट मजुरी द्यावी लागते आणि दिवसाच्या दहाव्या-अकराव्या तासाला दमलेला माणूस पहिल्या तासाएवढं काम कधीच करत नाही. मला तरी आधीचे दोन आठवडेच परवडणारे दिसतात.

पाळ्यांची वेळही अशीच चुकते. गर्दीच्या वेळी जड वाहनांवर बंदी असली की गाड्या दिवसभरात सारख्या येत नाहीत, बंदी उठली की झुंडीने येतात. सगळ्यांची पाळी एकाच ठोक्याला सुरू केली, तर टोळी पहिलं दार उघडेपर्यंत स्कॅनरवाले बसून राहतात आणि रॅकवाले त्याहून जास्त वेळ. शेवटी मात्र गाड्या संपतात, जमिनीवर ढीग राहतो आणि रॅकवाल्यांची सुटी होते. म्हणून स्कॅनिंगची पाळी उतरवणीनंतर तासाभराने आणि रॅकची दोनेक तासांनी लावावी. माणसं तितकीच राहतात, पण सकाळचा रिकामा वेळ रात्रीच्या ढिगाला उपयोगी पडतो.

आता तो तासाला 50चा आकडा. सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे आणि सर्वांत जास्त गफलत त्यातच होते. कार्यमापनाची रीत जुनी आहे. घड्याळ लावून काम पाहायचं, बऱ्याच फेऱ्या मोजायच्या, सरासरी काढायची. समजा, खोकं उचलून रॅकवर ठेवून परत यायला 50 सेकंद लागले. पण पाहिलेला गडी चपळ होता, साधारण माणसाच्या सव्वाशेला शे नव्हे, तरी 120 टक्के वेगाने काम करणारा. म्हणून साध्या माणसाची वेळ 60 सेकंद धरायची. त्यात थकवा, पाणी, लघवी, वाटेत अडलेली ट्रॉली यांसाठी वीस टक्के सूट मिळवायची. झाले 72 सेकंद, म्हणजे तासाला 50 खोकी. (चहाची सुटी पाळीतून आधीच वजा केली आहे, ती इथे पुन्हा धरायची नाही.)

घाईतला सुपरवायझर काय करतो? चपळ गड्याचे 50 सेकंद घेतो आणि फलकावर तासाला 72 लिहितो. कागदावर 16,000 खोकी 222 तासांत चढतात, प्रत्यक्षात लागतात 320. जवळपास 98 तासांची, म्हणजे रोज 13 माणसांची तूट त्या एका आकड्यात दडलेली असते आणि ती भरून काढतात उरलेल्यांच्या पाठी.

शिवाय बरोबर मोजलेला आकडाही कायमचा नसतो. जूनमध्ये रॅक अर्धे रिकामे असताना पहिल्याच रांगेत जागा मिळते. पितृपक्षात गोदाम भरत आलं की जागेच्या शोधात माणूस शेवटच्या रांगेत, वरच्या खणापर्यंत जातो आणि 50चे 40 होतात. तरीही फलकावर 50 राहिले, तर आकडा गाठण्यासाठी खोकी मिळेल त्या खणात कोंबली जातात. ही चूक त्या दिवशी दिसत नाही. सेलच्या पहिल्या रात्री संगणक माल आहे म्हणतो आणि खणात तो सापडत नाही, तेव्हा कळते. आकडा बिघडतोय हे आधी ओळखायचं असेल, तर गाडी लागल्यापासून माल रॅकवर चढेपर्यंतचा वेळ रोज पाहावा. माणसं तीच असताना तो वाढत चालला, तर कामचुकारपणा शोधण्याआधी पुन्हा घड्याळ लावावं.

सूट काढून घेतलेल्या आकड्याचं टोक 2024च्या जूनमध्ये देशाने पाहिलं. हरियाणातल्या मानेसरजवळच्या एका गोदामात, सहा ट्रकांचा माल उतरवून होईपर्यंत पाणी प्यायला किंवा लघवीला जाणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याच्या बातम्या आल्या आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेतली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 2022पासून मोठ्या गोदामांना कामाचा कोटा कामगाराला लेखी द्यावा लागतो आणि जेवण, विश्रांती किंवा शौचाला आड येणारा कोटा लावता येत नाही.

तुमच्या घरातलं कुणी यंदा सेलच्या हंगामात गोदामात कामाला लागलं, तर त्याला एवढंच विचारायला सांगा: टार्गेटचा आकडा कुणाला पाहून, कोणत्या महिन्यात मोजला आणि त्यात पाणी प्यायचा वेळ धरला आहे का?