पावणेदहाला कराव्या लागणाऱ्या भाषणाबद्दल

सोसायटीच्या स्नेहसंमेलनात आभारप्रदर्शनाची पाळी येते ती लोकांचं पोट रिकामं असताना. साडेसहाचा कार्यक्रम सात-सव्वासातला सुरू झालेला असतो आणि बक्षीस समारंभही लांबलेला असतो. सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले, तर रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतच तशी मनाई आहे. म्हणजे पावणेदहाच्या सुमाराला निवेदिका आभाराचं नाव पुकारते, तेव्हा पार्किंगमधून पुलावाचा वास येत असतो आणि मागच्या दोन रांगा उठलेल्या असतात. उरलेल्यांना बसवून ठेवायला साधारण तीन मिनिटं मिळतात. सावकाश, नीट ऐकू जाईल असं बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. तेव्हा सगळं भाषण साडेतीनशे शब्दांत बसवायचं, हे कागद हातात घेण्याआधीच ठरवलेलं बरं.

एक उदाहरण घेऊ. समजा, ठाण्यातली तीन विंगांची, ७२ सदनिकांची सोसायटी आहे. २६ जानेवारीला सकाळी झेंडावंदन, संध्याकाळी स्नेहसंमेलन. आभाराचं काम सहसचिवांकडे आहे, आणि ते योग्यच. अध्यक्षांनी आभार मानले तर त्यांचे आभार कोण मानणार? आणि ज्याने कार्यक्रमाची मुख्य धुरा सांभाळली, त्याच्याकडे हे काम दिलं तर नेमकं त्याचंच नाव यादीतून गळतं.

खरं काम या यादीचंच आहे, आणि ते आदल्या रात्री बसून आठवून होत नाही. पहिली मदत होते खर्चाच्या व्हाउचरांच्या फाइलची. मंडप, ध्वनी, केटरर, बक्षिसं, पाण्याचे जार यांची बिलं तिथे असतात आणि कुणी धावपळ केली त्यांच्या सह्याही. दुसरी कार्यक्रमपत्रिका: प्रत्येक नाचापुढे तो बसवणाऱ्याचं नाव लिहून घ्यायचं. पण या दोन्हींत न येणारी माणसं बरीच असतात. कुणी आपलं घर मुलांच्या मेकअपसाठी उघडं ठेवलेलं असतं, कुणी मंचाच्या दिव्यांसाठी खिडकीतून वायर सोडू दिलेली असते, कुणी रात्री जागून पंधरा फेटे शिवलेले असतात. त्यांची नावं कळण्यासाठी नाच बसवणाऱ्या बायकांना आणि सुरक्षारक्षकांना विचारावं. कोण कधी आलं, कोण शेवटी गेलं, हे फाटकावरच्या माणसाइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आपल्या उदाहरणातल्या सोसायटीत अशी ४१ नावं जमली असं धरू. नाव आणि त्यामागचं काम सांगायला एका माणसामागे पाच सेकंद लागतात. म्हणजे नुसती नावंच साडेतीन मिनिटांच्या घरात गेली. इथे कुणाला नावानिशी सांगायचं आणि कुणाला गटाने, हे ठरवावं लागतं. माझ्या मते कसोटी एकच आहे: जे मंचावर दिसले त्यांचे आभार गटाने मानावेत, कारण टाळ्या त्यांना आधीच मिळाल्या आहेत. जे दिसले नाहीत त्यांची नावं घ्यावीत. समितीच्या सभासदांची नावं निवेदनात तीनदा येऊन गेलेली असतात. ती पुन्हा पदासकट वाचली की मागची तिसरी रांगही उठते.

सफाई आणि सुरक्षेच्या माणसांच्या बाबतीत जास्त काळजी घ्यायला हवी. वर्षानुवर्षं ज्यांना आपण नुसतं ‘मावशी’ किंवा ‘वॉचमन’ म्हणत आलो, त्यांचं पूर्ण नाव यादी करणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं. ते त्यांनाच विचारावं आणि त्या उच्चारतात तसं लिहून घ्यावं. त्यांना आयत्या वेळी मंचावर बोलावू नये. कुणी जेवणाच्या टेबलामागे उभं असतं, कुणी फाटक सोडू शकत नाही, आणि सगळ्यांसमोर उभं राहायला कुणाला संकोचही वाटतो. सत्कार करायचा असेल तर दोन दिवस आधी विचारावं. नाहीतर टाळ्या पुरेत.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. आभार मानता मानता वक्ता रंगात येतो आणि जाहीर करतो, की सुरक्षारक्षकांचा पगार येत्या महिन्यापासून वाढवू, किंवा पुढच्या वर्षी गच्चीवर शेड घालू. स्नेहसंमेलन ही सभा नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ प्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. आदर्श उपविधींप्रमाणे तिची नोटीस चौदा दिवस आधी विषयपत्रिकेसह द्यावी लागते. खर्चाचे असे निर्णय रीतसर सभेत व्हायचे. मंचावरून दिलेल्या शब्दाला आधार नसतो, पण ज्याला तो दिला तो माणूस त्यावर विसंबतो. पगारवाढीची वाट पाहणाऱ्या रक्षकाला नंतर नाही म्हणणं फार वाईट. थकबाकीदारांची आठवणही या भाषणात काढू नये.

‘आभार मानून उतराई होण्यापेक्षा ऋणात राहणं पसंत करतो’ हे वाक्य गाळावं. त्यात वाईट काही नाही. पण ते इतक्यांदा ऐकलेलं आहे, की तिथे लोक ऐकणं थांबवतात. त्या सहा-सात सेकंदांत एका फेटेवालीचं नाव सांगून होतं. ‘अनवधानाने कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व’ हे मात्र ठेवायला हरकत नाही, पण यादीचं काम चुकवण्यासाठी नव्हे.

या सगळ्यातून सहसचिवांचा कागद साधारण असा तयार होईल. टिंबांच्या जागी नावं यायची:

‘नमस्कार. जेवण तयार आहे, म्हणून तीनच मिनिटं घेतो.

आपले पाहुणे डॉ. …… दवाखाना लवकर बंद करून आले, आणि बक्षीस देताना प्रत्येक मुलाला त्याने काढलेल्या चित्राबद्दल विचारत राहिले. डॉक्टर, आमच्या मुलांना तुम्ही वेळ दिलात, मनापासून आभार.

आज नऊ नाच झाले. ते बसवले …… ताई आणि …… ताईंनी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून रोज रात्री आठ ते नऊ त्या क्लबहाऊसमध्ये होत्या. सगळे फेटे …… काकूंनी शिवले. ए विंगच्या तळमजल्यावर …… वहिनींच्या घरात दुपारपासून पंचवीस मुलं तयार होत होती. त्यांच्या घरी आज चूलसुद्धा पेटली नसेल. मंडपवाले …… यांनी झेंडावंदन आटोपल्यावर चार तासांत हा मंच उभा केला. मुलांनो, तुम्ही सगळ्यांनी फार छान काम केलंत. समितीतल्या सहकाऱ्यांचे आणि वर्गणी देणाऱ्या प्रत्येक घराचे आभार.

क्लबहाऊसच्या वर राहणाऱ्या कुटुंबांनी सात आठवडे गाण्यांचा आवाज सोसला. त्यांच्यातली काही मुलं यंदा दहावी-बारावीला आहेत. एकदाही तक्रार आली नाही. त्यांचे आभार, आणि त्या मुलांना परीक्षेसाठी शुभेच्छा.

आपण इथे बसलो आहोत तेव्हा फाटकावर …… आहेत. दिवसपाळी संपूनही …… थांबले आहेत. सकाळी या सगळ्या खुर्च्या …… मावशी आणि …… यांनी मांडल्या, आणि उद्या हे आवार झाडायलाही तेच येणार आहेत. या चौघांसाठी फाटकापर्यंत ऐकू जातील अशा टाळ्या वाजवू या.’

इथे थांबून इंग्रजीकडे वळायचं. ठाणे-पुण्याकडच्या बहुतेक सोसायट्यांत तमिळ, मल्याळी, बंगाली घरं असतात आणि त्यांच्यातली बरीच माणसं भाड्याने राहणारी, नवी असतात. त्यांच्यासाठी मराठी भाषणाचं ओळीला ओळ भाषांतर करू नये. सगळी नावं दुसऱ्यांदा वाचायला वेळ नसतो आणि मराठी कळणाऱ्यांना तेच पुन्हा ऐकावं लागतं. पाऊण मिनिटात मुख्य आभार, नव्यांचं स्वागत आणि जेवणाची सूचना, एवढं पुरतं. ज्यांना इंग्रजी वाचताना अडखळायला होतं, त्यांनी तो भाग कागदावर सरळ देवनागरीतच लिहावा:

‘डिअर नेबर्स, थँक यू फॉर बीइंग विथ अस धिस इव्हनिंग. अवर थँक्स टू डॉक्टर …… फॉर गिव्हिंग अवे द प्राइझेस, टू द लेडीज हू ट्रेन्ड द चिल्ड्रन फॉर सेव्हन वीक्स, अँड टू द फॅमिलीज हू पुट अप विथ द नॉइज. अ स्पेशल थँक यू टू अवर सिक्युरिटी अँड क्लीनिंग स्टाफ, हू आर वर्किंग इव्हन नाऊ. इफ यू मूव्ह्ड इन धिस इयर, वेलकम. वी होप टू सी यू ऑन स्टेज नेक्स्ट टाइम. डिनर इज इन द बी विंग पार्किंग. प्लीज लेट द सीनियर्स गो फर्स्ट. थँक यू, अँड गुड नाइट.’

मग मराठीतली शेवटची ओळ: ‘जेवण बी विंगच्या पार्किंगमध्ये आहे, ज्येष्ठांना आधी जाऊ द्या, आणि खुर्च्या आवरायला दहा जण थांबा. धन्यवाद.’ जेवणाचं वाक्य अगदी शेवटी यावं. आधी आलं तर त्यानंतरचं कुणी ऐकत नाही.

कधी कधी तीन मिनिटंही मिळत नाहीत. नऊ पन्नासला शेवटचा नाच संपतो, ध्वनिवाला मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवतो. यासाठी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला एका मिनिटाचा मजकूर आधीच लिहून ठेवावा. त्यात पाहुण्यांसाठी एक वाक्य, नाच बसवणाऱ्या दोघी, फाटकावरची आणि सफाईची चार नावं, इंग्रजीतली दोन वाक्यं आणि जेवण. समितीचे आभार या वेळी गाळले तरी चालतात. समितीची माणसं समजून घेतात. कामगारांची नावं मात्र छोट्या कागदावरही तशीच राहिली पाहिजेत, कारण ती घेण्याची दुसरी जागा वर्षभरात सहसा येत नाही.

कार्यक्रम झाल्यावर ४१ नावांची पूर्ण यादी, मंचावर न वाचलेल्या नावांसकट, कार्यालयातल्या फाइलमध्ये लावावी. जी नावं वेळेअभावी राहिली, त्यांना दुसऱ्या दिवशी सहसचिवांनी लिफ्टमध्ये किंवा दारात भेटून सांगावं. यादी सूचना फलकावरही लावता येते, पण त्यात प्रत्येकाच्या नावापुढे त्याने केलेलं काम लिहिलेलं असावं. पुढच्या वर्षी समिती बदलते, नवे सहसचिव येतात, आणि फेटे कोण शिवतं हे त्यांना त्याच फाइलमधून कळतं.