एकदा ऐकून टाइप होणारे नाव

गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांच्या पापडाला नाव मिळाले ते १९६२ मध्ये. त्यासाठी स्पर्धा ठेवली होती, बक्षीस पाच रुपयांचे होते आणि धीरजबेन रूपारेल यांनी सुचवलेले ‘लिज्जत’ हे नाव निवडले गेले. काम आधी आणि नाव मागून, हा क्रम तेव्हा चालून गेला. घेणारी माणसे दुकानात जात आणि समोर दिसणारे पाकीट उचलत.

आज घरातून भाजणी, लाडू किंवा लोणची विकायला निघालेल्या बाईला एवढी सवड मिळत नाही. तिचे नाव कोणीतरी भिशीत ऐकते, कोणी लोकलच्या डब्यात, कोणी हळदीकुंकवाला. ऐकणारी घरी जाते, फोन काढते आणि इन्स्टाग्रामवर शोधू लागते. नाव कानावर पडले ते मराठीत, पण इन्स्टाग्रामच्या हँडलमध्ये रोमन अक्षरेच चालतात. कानापासून बोटापर्यंतच्या या वाटेवर गिऱ्हाईक हरवते, आणि ते हरवल्याचे विकणारीला कधी कळतही नाही.

एक उदाहरण घेऊ. ठाण्यात राहणाऱ्या एका बाईंना थालिपिठाची भाजणी विकायची आहे. घरच्यांनी सुचवलेले पहिले नाव आहे ‘आजीची भाजणी’. ऐकायला गोड, अर्थ लगेच कळणारे. आता ते रोमन अक्षरांत लिहून पाहू. सुरुवातीचा ‘आ’ कोणी a लिहील, कोणी aa. ‘जी’ कोणी ji लिहील, कोणी jee. ‘भा’ कोणी bha, कोणी bhaa. मधला ‘ज’ कोणी ja असा पूर्ण लिहील, तर कोणी बोलण्याप्रमाणे नुसता j. शेवटचा ‘णी’ ni किंवा nee. पाच जागी दोन-दोन पर्याय झाले, म्हणजे एकाच नावाची ३२ रूपे. aajichibhajani या नावाने खाते उघडले, तर ajichibhajni शोधणारी बाई भलत्याच पानावर पोहोचू शकते. त्या नावाने दुसऱ्या कोणाचे भाजणीचे दुकान चालू असेल, तर ती तिथेच ऑर्डर देऊन मोकळी होईल.

मराठी नावांत अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. ऱ्हस्व-दीर्घ ही पहिली: ‘अन्नपूर्णा’ कोणी annapurna लिहिते, कोणी annapoorna. दुसरी जागा शब्दाच्या पोटातल्या अकाराची: ‘सुगरण’ कोणाच्या हातून sugran होते, कोणाच्या sugaran. ‘तवा’ मधल्या ‘व’ ला v आणि w दोन्ही चालतात. ‘ज्ञ’ मराठी माणूस dny लिहितो, हिंदी भाषक gy. शेवटची जागा डोळ्यांची आहे. ‘बरणी’ हे लोणच्यासाठी छान नाव, पण barni हे छोट्या लेबलवर बारीक ठशात छापले की r आणि n एकमेकांना चिकटतात आणि वाचणाऱ्याला bami दिसते.

तेव्हा ठाण्याच्या बाईंनी अशा जागा टाळणारे शब्द शोधले. ‘शिंके’ लिहायला सोपे होते, पण खाण्याच्या पदार्थावर ते नाव वाचून शिंक आठवेल, म्हणून ते बाजूला पडले. ‘ओंजळ’ मात्र टिकले. ‘ळ’ साठी लोक सवयीने l च लिहितात, त्यामुळे onjal याखेरीज दुसरे रूप सहसा कोणाला सुचत नाही. शिवाय या नावात भाजणी अडकलेली नाही. उद्या मेतकूट किंवा लोणचे काढले तरी नाव बदलावे लागणार नाही.

नाव पक्के करण्याआधी एक चाचणी घ्यावी, तिला खर्च काहीच येत नाही. पाच जणांना फोन करायचा: एक सत्तरीच्या मावशी, एक शाळकरी मुलगा, एक गुजराती किंवा हिंदी बोलणारी शेजारीण, एक परगावचा नातेवाईक आणि एखादी जुनी मैत्रीण. नाव फक्त एकदा उच्चारायचे, स्पेलिंग सांगायचे नाही, आणि ‘इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवा’ एवढेच म्हणायचे. पाचांपैकी चौघांनी एकच रूप पाठवले, तर ते नाव घ्यावे. तीन वेगवेगळी रूपे आली, तर ते कितीही आवडते असले तरी सोडावे. घरच्या माणसांना ही चाचणी देऊन उपयोग नाही, कारण त्यांनी ते नाव आधीच कागदावर पाहिलेले असते.

यानंतर प्रश्न येतो तो सगळीकडे तेच नाव मिळवण्याचा. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे आहेत. इन्स्टाग्रामवर ३० अक्षरांपर्यंत नाव चालते आणि त्यात रोमन अक्षरे, अंक, टिंब व अंडरस्कोअर घेता येतात. यूट्यूबने २०२२ मध्ये हँडल आणली, तिथे मर्यादा ३ ते ३० अक्षरांची आहे. एक्सवर जेमतेम १५ अक्षरे मिळतात. फेसबुकच्या पानाच्या नावाला किमान पाच अक्षरे लागतात. टिंब चालते, अंडरस्कोअर चालत नाही. जीमेलला किमान सहा अक्षरे लागतात, अंडरस्कोअर तिथेही नाही, आणि नावात टिंब घातले काय किंवा न घातले काय, जीमेल ते एकच धरते. वेबसाइटच्या नावातही अंडरस्कोअर बसत नाही.

हे सगळे नियम एकत्र मांडले की निवड सोपी होते. सहा ते पंधरा लहान रोमन अक्षरे, मध्ये कोणतेही चिन्ह नाही आणि अंक नाही, एवढ्या चौकटीतले नाव सर्वत्र बसते. अंडरस्कोअर टाळण्याला आणखी एक कारण आहे. फोनवर नाव सांगताना ‘ओंजळ, मग खालची रेघ, मग फूड्स’ असे म्हणावे लागले, तर ऐकणाऱ्याची तिथेच गडबड होते. लिंकखाली रेघ आली की तिच्यात अंडरस्कोअर दिसेनासाही होतो.

onjal मध्ये पाचच अक्षरे आहेत, म्हणजे जीमेलला ते चालणार नाही. शिवाय इतके छोटे आणि सोपे नाव इन्स्टाग्रामवर कोणीतरी आधीच घेतलेले असण्याची शक्यता मोठी. मग शेपूट जोडावे लागते. जन्मसाल किंवा 01 असे आकडे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. onjalthane मध्ये गाव येते, पण h राहिला की ते onjaltane होते, आणि पुढे घर बदलले तर नाव मागे राहते. onjalfoods मध्ये दहा अक्षरे आहेत आणि foods हा शब्द भाजीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या परिचयाचा आहे. बाईंनी तेच घेतले आणि एक पथ्य पाळले: शेपूट सगळीकडे तेच. इन्स्टाग्रामवर onjalfoods, फेसबुकवर onjalkitchen आणि जीमेलवर onjalorders असे झाले असते, तर मूळ नाव सारखे असूनही गिऱ्हाइकाला प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागले असते.

नाव मोकळे आहे की नाही हे तपासताना एक चूक वारंवार होते. instagram.com/onjalfoods उघडून पाहिले आणि पान सापडले नाही, की माणूस ते मोकळे समजतो. ते खाते मालकाने तात्पुरते बंद ठेवलेले असू शकते किंवा कंपनीने गोठवलेले असू शकते. पान दिसत नाही, पण नावही मिळत नाही. खात्री एकाच प्रकारे होते: खात्याच्या सेटिंगमध्ये ते नाव प्रत्यक्ष भरून पाहायचे. म्हणून इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब, जीमेल आणि जमल्यास .in वेबसाइट, ही सगळी नावे एकाच बैठकीत घ्यावीत. लेबले छापायला टाकण्याचे काम त्यानंतरचे. यूट्यूबवर काही टाकायचे नसले तरी नाव घेऊन ठेवायला पैसे पडत नाहीत.

हँडल टाइप करण्यासाठी असते. इन्स्टाग्रामवर त्याच्याखेरीज ‘नेम’ हा वेगळा रकाना असतो, त्यात देवनागरी चालते आणि शोधताना तोही पाहिला जातो. बाईंनी तिथे ‘ओंजळ – थालीपीठ भाजणी, ठाणे’ असे लिहिले. ज्या बाईला नाव आठवत नाही, पण ठाण्यात भाजणी हवी आहे, तिलाही त्या आता सापडू शकतात. हा रकाना विचार करून भरावा, कारण १४ दिवसांत तो दोनदाच बदलता येतो. व्हॉट्सॲप बिझनेसवरही नाव ‘ओंजळ’ आणि माहितीत onjalfoods अशी जोडी ठेवली.

पैसे देण्याच्या वेळी मात्र वेगळेच नाव समोर येते. वैयक्तिक खात्याचा क्यूआर स्कॅन केला की यूपीआयवर खातेदाराचे बँकेतले नाव दिसते. ‘ओंजळ’ला ऑर्डर दिलेल्या माणसाला तिथे अनोळखी बाईचे नाव दिसले, की फसवणुकीच्या भीतीने तो थांबतो. म्हणून ऑर्डर पक्की झाल्याच्या संदेशातच ‘पैसे पाठवताना अमुक नाव दिसेल’ अशी ओळ घालावी. पाकिटावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक आणि बनवणाऱ्याचे नाव-पत्ता असतोच. हे नाव आणि यूपीआयवरचे नाव एकच असले की शंकेला जागा उरत नाही.

राहिला कायद्याचा भाग. इन्स्टाग्रामवर नाव मिळाले म्हणजे ते वापरण्याचा हक्क मिळाला असे नाही. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर, आयपी इंडियावर, नोंदलेली नावे फुकट शोधता येतात आणि तिथे उच्चारानुसार शोधण्याचीही सोय आहे. तीच वापरावी, कारण भारतात नावांचे साम्य कानानेही जोखले जाते. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ही नावे सामान्य गिऱ्हाइकाची फसगत होईल इतकी सारखी ठरवली. नावाचे निम्मे शब्द वेगळे असूनही असा निकाल लागला. तेव्हा एखाद्या प्रसिद्ध मसालेवाल्याच्या नावात एक अक्षर बदलून आपले नाव बनवणे धोक्याचे आहे.

‘आजीची भाजणी’ सोडल्याचा फायदा इथेही झाला. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यात मालाचे नुसते वर्णन करणारी नावे नोंदवणे अवघड असते, कारण ‘भाजणी’ हा शब्द कोणा एकाला देता येत नाही. ‘ओंजळ’ वर्णन करत नाही, म्हणून त्याच प्रकारच्या मालात ते आधी कोणी घेतलेले नसेल तर नोंदणीची वाट मोकळी राहते. एका व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये आहे. पिठे आणि मसाले ३०व्या वर्गात येतात, लोणची २९व्या. पहिल्या महिन्यात हा खर्च झेपत नसेल, तर बाईंनी निदान त्या दोन वर्गांत onjal आणि ‘ओंजळ’ शोधून, निकालाच्या पडद्याचे चित्र तारखेसह जपून ठेवावे आणि लेबलची पहिली छपाई शंभराच्या आतच करावी. विक्री स्थिरावली की आधी ३०व्या वर्गाचा अर्ज, आणि लोणची खरोखर विकायला काढली की मग २९व्याचा.