क्विझमधले नव्वद टक्के

‘मी रोज क्विझ सोडवतो, त्यामुळे चालू घडामोडींचं टेन्शन नाही.’ राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून हे वाक्य ऐकून ऐकून आता कान किटले आहेत. पुरावा म्हणून मोबाइल पुढे केला जातो. त्यावर हिरव्या रंगात नव्वद टक्के, शेजारी सलग दिवसांचा आकडा आणि एक चमचमणारा बिल्ला. अ‍ॅप वापरू नका असं मी म्हणत नाही. पण ते नव्वद टक्के कशाचे आहेत हे एकदा तपासायला हवं, कारण आयोग जे मोजतो ते हे नव्हे.

मराठीला मिळालेल्या अभिजात दर्जाचंच उदाहरण घ्या. अशा बातमीवर अ‍ॅपमध्ये बहुधा पुढच्या धर्तीचा प्रश्न येतो: ‘मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने कधी मान्यता दिली?’ पर्याय: २७ फेब्रुवारी, १ मे, १४ सप्टेंबर, ३ ऑक्टोबर. पहिला मराठी भाषा गौरव दिन, दुसरा महाराष्ट्र दिन, तिसरा हिंदी दिवस. हे तिन्ही शाळेपासून पाठ असतात, त्यामुळे बातमी न वाचलेला मुलगाही ३ ऑक्टोबरवर बोट ठेवतो. अ‍ॅप टाळ्या वाजवतं. इथे त्याला येत होतं ते गाळणं, आणि तेही पर्याय भुसभुशीत होते म्हणून.

आता हाच विषय आयोगाच्या घाटात बसवून बघा. नमुना माझाच आहे, पण जुन्या प्रश्नपत्रिका चाळलेल्यांना घाट ओळखीचा वाटेल. ‘पुढील विधाने विचारात घ्या. (अ) ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीसह पाच भाषांना अभिजात दर्जा देण्यास मान्यता मिळाली. (ब) हा दर्जा सर्वप्रथम संस्कृतला मिळाला होता. (क) या दर्जासाठी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत असणे आवश्यक आहे. वरीलपैकी कोणते विधान/विधाने बरोबर आहे/आहेत?’

तारीख पाठ असलेला इथे पहिल्या विधानानंतर थबकतो. संस्कृत पहिली असणार, हे मनाला सहज पटतं. प्रत्यक्षात २००४ मध्ये हा वर्गच सुरू झाला तो तमिळपासून, आणि संस्कृतचा नंबर २००५ मध्ये लागला. पुढे २००८ मध्ये तेलुगू व कन्नड, २०१३ मध्ये मल्याळम आणि २०१४ मध्ये ओडिया आल्या. म्हणजे २०२४ पूर्वी सहा भाषा होत्या आणि आता अकरा झाल्या. तिसरं विधान तर बातमीतूनच खोडता येतं. मराठीबरोबर बंगाली, आसामी, पाली आणि प्राकृत यांना दर्जा मिळाला, आणि पाली व प्राकृत आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांमध्ये नाहीत. उत्तर, फक्त अ. त्यासाठी पाचही नावं माहीत हवीत आणि राज्यव्यवस्थेचा एक धडा त्या नावांशी जोडता आला पाहिजे. एका ओळीच्या क्विझमध्ये हे जोडणं कधी घडतच नाही.

पीआयबीची त्या वेळची नोंद उघडली तर आणखी बरंच हाती लागतं. महाराष्ट्राचा प्रस्ताव केंद्राकडे गेला तो २०१३ मध्ये. भाषातज्ज्ञ समितीने जुलै २०२४ मध्ये निकष बदलले आणि त्यानंतरच मंजुरीचा मार्ग मोकळा झाला. ‘निकष काय बदलले?’ हा परीक्षेच्या दृष्टीने सगळ्यात रसाळ प्रश्न. वाचायला दहा मिनिटं पुरतात, पण त्या दहा मिनिटांत तीन क्विझ होतात ना! मग नोंद कोण वाचणार?

गुणांचा हिशेबही एकदा मांडू. राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्नांना २०० गुण आहेत आणि चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या एक चतुर्थांश, म्हणजे अर्धा गुण, वजा होतो. सीसॅटचा पेपर ३३ टक्क्यांपुरता पात्रतेचा असल्याने निवड ठरते ती या पहिल्या पेपरावरच. समजा, अ‍ॅपवर २० पैकी १७ बरोबर आले. प्रत्येक उत्तरापुढे कागदावर एक खूण करत गेलं तर चित्र असं निघू शकतं: खात्रीचे ९, दोन पर्यायांत अडकलेले ६, नुसतेच ठोकलेले ५. त्या दिवशी नशिबाने अडकलेल्यांतले पाच आणि ठोकलेल्यांतले तीन लागले. परीक्षेच्या मापाने ते ३२.५ गुण होतात. नशीब सरासरीइतकंच चाललं असतं तर अडकलेल्यांतले तीन आणि ठोकलेल्यांतला एक, असे मिळून १३ बरोबर आणि ७ चूक, म्हणजे २२.५ गुण. अ‍ॅपच्या पडद्यावर पंच्याऐंशी टक्केच झळकतात, आणि हा दहा गुणांचा फुगा त्यात दिसत नाही.

म्हणून खूण करा. शंकेच्या आणि ठोकलेल्या प्रश्नांची मूळ बातमी उघडा, त्याच क्विझकडे महिन्याने परत या आणि पर्याय हाताने झाकून उत्तर द्या. तेव्हा जे आठवेल तेवढंच तुमचं. पर्याय झाकल्यावर गुण निम्म्यावर आले तर घाबरू नका, खरा आकडा पहिल्यांदाच दिसला एवढाच त्याचा अर्थ.

आता बाकीचे गैरसमज.

‘अ‍ॅपमधलं उत्तर चुकीचं कसं असेल?’ अगदी सहज असतं. २०२४ पूर्वी तयार केलेल्या प्रश्नसंचात अभिजात भाषा सहाच राहतात, कारण जुना प्रश्न काढायला कोणी बसलेलं नसतं. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची गत आणखी वाईट. आयोग आधी पहिली उत्तरतालिका देतो, हरकती मागवतो आणि मग अंतिम तालिका लावतो. तिच्यात काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. पहिल्या तालिकेवरून घाईने चढवलेला संच मात्र तसाच फिरत राहतो. माझ्या एका विद्यार्थिनीने रद्द झालेल्या प्रश्नाचं ‘उत्तर’ सुंदर अक्षरात वहीत उतरवून ठेवलं होतं. अंतिम तालिका आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, तिच्याशी ताडून बघायला काय जातं?

‘निगेटिव्ह मार्किंग आहे, तर शंका असलेला प्रश्न सोडूनच द्यावा.’ दोन पर्याय खात्रीने गाळता आले असतील तर उरलेल्या दोनांतून निवडणं सरासरीने फायद्याचंच ठरतं, एका प्रश्नामागे पाऊण गुण. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर फायदा गुणाच्या आठव्या हिश्श्याचा, म्हणजे जवळपास नाहीच.

‘महाराष्ट्राच्या घडामोडी त्याच अ‍ॅपमध्ये येतात.’ येतात, पण थोड्या, आणि बऱ्याचदा पुरस्कारांपुरत्या. राज्याच्या योजनेचा लाभार्थी कोण, अट कोणती, हे शासन निर्णयात असतं. राज्याचे आकडे आर्थिक पाहणीत असतात, जी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर अर्थ व सांख्यिकी संचालनालय तयार करतं.

‘माझा ऑल महाराष्ट्र रँक चाळिसावा आहे.’ त्या संध्याकाळी ती चाचणी किती जणांनी दिली, आणि त्यातले किती जण दुसऱ्यांदा देत होते, तेवढं विचारून या.