टाकीतले क्षार आणि बदलणारा छेद

उन्हाळ्यात बऱ्याच सोसायट्यांमध्ये बोअरचे आणि नळाचे पाणी जमिनीखालच्या एकाच टाकीत सोडतात. बोअरचे पाणी खारे, नळाचे गोडे. सकाळी नळ आला की टाकीतला खारेपणा उतरू लागतो. तो किती वेळात उतरेल, हे मात्र नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही. एकीकडे नळाचे पाणी टाकीत पडत असते, दुसरीकडे पंप पाणी उपसत असतो, आणि या दोन्हींचा वेग सारखा नसल्याने पातळीही हलत असते.

एक उदाहरण घेऊ. टाकी ५,००० लिटरची. सकाळी तळाशी बोअरचे २,००० लिटर पाणी उरले आहे आणि त्यात लिटरमागे १,२०० मिलिग्रॅम क्षार आहेत. म्हणजे टाकीत एकूण २,४०० ग्रॅम क्षार. नळाच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम. नळातून मिनिटाला ४० लिटर येतात, पंप मिनिटाला २० लिटर नेतो. दर मिनिटाला २० लिटर शिल्लक पडतात, म्हणून t मिनिटांनी टाकीत 2000 + 20t लिटर पाणी असते.

आता क्षारांचा हिशेब मांडू. नळाबरोबर मिनिटाला ८ ग्रॅम क्षार आत येतात. बाहेर जाणारे क्षार त्या क्षणी टाकीत किती आहेत यावर ठरतात. टाकीतल्या एकूण क्षारांना x ग्रॅम म्हटले, तर मिनिटाला 20x भागिले 2000 + 20t इतके क्षार पंपाबरोबर जातात. सोपे रूप देऊन समीकरण असे होते:

dx/dt = 8 − x/(100 + t)

हे पहिल्या कोटीचे विकलक समीकरण आहे. आवक-जावक सारखी असती तर x खालचा छेद कायम राहिला असता. इथे तो दर मिनिटाला वाढतो, म्हणून x चा सहगुणक बदलता आहे. विद्यार्थी हमखास चुकतात ते इथेच: सुरुवातीचे २,००० लिटरच छेदात धरून बसतात. तसे केले तर १०० मिनिटांनी टाकीत सुमारे १,३९० ग्रॅम क्षार उरल्याचे उत्तर येते. खरे उत्तर १,८०० ग्रॅम आहे.

ते असे मिळते. दोन्ही बाजूंना (100 + t) ने गुणले की डावीकडे (100 + t)x या गुणाकाराचा बदलाचा दर तयार होतो आणि समीकरण सहज सुटते. सुरुवातीचे २,४०० ग्रॅम वापरून उत्तर येते:

x = 4(100 + t) + 200000/(100 + t)

या सूत्रात एक अनपेक्षित गोष्ट दडली आहे. टाकीतले एकूण क्षार सुमारे १२४ मिनिटांपर्यंत घटतात आणि मग पुन्हा वाढू लागतात. पाणी मात्र गोडच होत जाते, कारण क्षारांपेक्षा पाणी अधिक वेगाने वाढते. लिटरमागचे प्रमाण सुरुवातीला १,२००, ५० मिनिटांनी सुमारे ६४४, तर १०० मिनिटांनी ४५० मिलिग्रॅम असते.

पंप बंद ठेवला असता तर? ५० मिनिटांत टाकीत ४,००० लिटर पाणी झाले असते आणि प्रमाण ७०० वर राहिले असते. म्हणजे उपसा चालू असताना पाणी लवकर गोडे होते. बाहेर जाणारे पाणी टाकीतल्यासारखेच खारे असते, त्यामुळे ते गेल्याने खारेपणा बदलत नाही. पण ते टाकीतला साठा लहान ठेवते, आणि लहान साठ्यावर येणाऱ्या गोड्या पाण्याचा परिणाम जास्त होतो.

या सूत्राला मर्यादा आहेत. १५० मिनिटांनी टाकी भरते आणि फ्लोट व्हॉल्व्ह आवक कमी करतो. तिथून साठा स्थिर राहतो आणि समीकरणच बदलते. दुसरे, पाणी क्षणोक्षणी पूर्ण मिसळते असे आपण धरले आहे. प्रत्यक्षात खारे पाणी थोडे जड असल्याने तळाशी राहू शकते, आणि पंप तळातूनच ओढतो. तसे होते का, हे ओळखायला टाकीच्या वरच्या थरातले आणि पंपातून आलेले, अशी दोन्ही पाणी टीडीएस मीटरने तपासा. आकडे बरेच वेगळे आले तर मिसळण नीट होत नाही, आणि सूत्राचा आकडा नळाला लागू पडणार नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार ही इष्ट मर्यादा आहे. आपल्या उदाहरणातली टाकी तिथे सुमारे ८३ मिनिटांनी पोहोचते. अशा टाकीतून प्यायचे पाणी नळ आल्या आल्या भरू नये, दीड तास थांबून भरावे.