उद्दिष्टासमोरचा रिकामा रकाना

संशोधनाच्या आराखड्यात उद्दिष्टे सुरुवातीला असतात, पद्धती बरीच पाने पुढे आणि अपेक्षित निष्पत्ती शेवटी. त्यामुळे सलग वाचताना त्यांच्यातली फारकत ध्यानात येत नाही. ती पाहायची तर एका कागदावर तीन रकाने आखावेत: उद्दिष्ट, त्यासाठीची पद्धत आणि त्यातून हाती येणारे फलित.

समजा, निवासी आश्रमशाळांतील बारा वर्षांवरील मुलींच्या रक्तक्षयाचा अभ्यास करायचा आहे. उद्दिष्टे तीन: रक्तक्षयाचे प्रमाण काढणे, आहाराशी त्याचा संबंध तपासणे आणि दर आठवड्याच्या लोहगोळीचा परिणाम पाहणे. पद्धतीत लिहिले आहे: ३८४ मुलींची एकदा हिमोग्लोबिन तपासणी आणि एक प्रश्नावली.

पहिले उद्दिष्ट जुळते. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय, असे मोजून टक्केवारी निघेल. मात्र ३८४ हा आकडा मुली एकेक करून, यादृच्छिक पद्धतीने निवडल्या तरच चालतो. आधी काही शाळा निवडून तिथल्याच मुली घेतल्या, तर संख्या वाढवावी लागते, कारण एका शाळेतल्या मुली बऱ्याच बाबतींत सारख्या असतात.

दुसऱ्या उद्दिष्टापाशी पेच येतो. प्रश्नावलीत विचारले आहे, ‘आठवड्यातून किती वेळा पालेभाजी मिळते?’ सगळ्या मुली एकाच स्वयंपाकघरातले जेवतात, तेव्हा एका शाळेत उत्तरही जवळपास एकच येणार. फरकच नसेल तर संबंध कशाचा तपासणार? ताटात काय टाकून दिले जाते, सुट्टीत घरी काय खाल्ले जाते, हे विचारले तरच तुलनेला जागा राहते.

तिसऱ्यासमोरचा रकाना तर रिकामाच राहतो. एकदाच केलेल्या तपासणीतून गोळीचा परिणाम कळत नाही. त्यासाठी आधी आणि नंतर मोजावे लागते, शिवाय तुलनेला दुसरा गटही लागतो. पण सरकारी योजनेतली गोळी अभ्यासासाठी कुणाला नाकारणे गैर आहे. अशा वेळी उद्दिष्टच बदलावे: ‘गोळी नियमित घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मुलींच्या हिमोग्लोबिनची तुलना करणे’. यातून परिणाम सिद्ध होत नाही, हेही स्पष्ट लिहावे.

फलिताच्या रकान्यात ‘मुलींचे आरोग्य सुधारेल’ असे वाक्य हमखास आढळते. ती सदिच्छा झाली. त्याऐवजी शेवटी छापायचा तक्ता आत्ताच, आकड्यांविना आखावा. आडव्या ओळींत गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मुली, उभ्या रकान्यांत सरासरी हिमोग्लोबिन आणि रक्तक्षयाची टक्केवारी. तक्ता आखता येत नसेल तर उद्दिष्ट अजून धूसर आहे.

मग उलटे वाचावे: प्रश्नावलीतला प्रत्येक प्रश्न घेऊन तो कोणत्या उद्दिष्टासाठी आहे, ते त्याच्यापुढे लिहावे. वडिलांकडे जमीन किती, या प्रश्नापुढे काहीच लिहिता आले नाही, तर तो काढावा. उगाच भरून घेतलेल्या माहितीत मुलींचा वेळ जातो.