उत्तर शिळं कधी होतं?

३० सप्टेंबर २०२१ रोजी स्लॅक या संदेशसेवेच्या काही ग्राहकांना slack.com हा पत्ताच सापडेनासा झाला. कंपनीचे सर्व्हर व्यवस्थित चालू होते. घोटाळा पत्त्याच्या नोंदींत होता. कंपनीने मूळ नोंद काढून घेतली, तरीही काही ग्राहकांसाठी सेवा बंदच राहिली, कारण त्या नोंदीच्या प्रती जगभरातल्या संगणकांत शिल्लक होत्या आणि त्या पुसणं कंपनीच्या हातात नव्हतं.

या प्रती येतात कुठून? आपण एखाद्या संकेतस्थळाचं नाव टाइप करतो, तेव्हा त्या नावामागचा आकडी पत्ता शोधावा लागतो. हे काम डीएनएस ही यंत्रणा करते. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी तिची रचना मांडली. आपला फोन किंवा संगणक हा प्रश्न सहसा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरला, विचारतो. तो पायरीपायरीने मूळ नोंदीपर्यंत जातो आणि उत्तर आणतो. पुढच्या माणसाने तेच विचारलं तर पुन्हा एवढी धावपळ कशाला, म्हणून ते उत्तर तो स्वतःजवळ ठेवून देतो. या साठ्याला कॅश म्हणतात. कॅश नसती तर प्रत्येक क्लिकमागे हा सगळा प्रवास पुन्हा करावा लागला असता.

साठवलेल्या उत्तरावर औषधाच्या पाकिटासारखी मुदत छापलेली असते. तिला टीटीएल म्हणतात आणि ती सेकंदांत मोजतात. ३०० म्हणजे ५ मिनिटं, ८६४०० म्हणजे एक दिवस. मुदत संपली की प्रत टाकून द्यायची आणि नवी आणायची.

खरी अडचण इथे आहे. मुदत ठरते उत्तर देताना, आणि बदल होतो नंतर कधीतरी. समजा, तुमच्या संस्थेच्या पत्त्याची मुदत एक दिवस आहे आणि दुपारी १२ वाजता तुम्ही संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवलं. एका रिझॉल्व्हरने ११ वाजून ५९ मिनिटांनी जुना पत्ता नेला असेल, तर तो उद्या ११:५९ पर्यंत लोकांना जुन्याच सर्व्हरकडे पाठवत राहील. दुसऱ्याने काल दुपारी दीडला नेला असेल, तर त्याचे ग्राहक आज दीडलाच नव्या जागी पोचतील. म्हणून पुण्यात संकेतस्थळ दिसतं आणि नागपुरात दिसत नाही, असं होऊ शकतं.

मग बदल होताच सगळ्यांना कळवून का टाकत नाहीत? कारण कळवायचं कुणाला, हेच माहीत नसतं. मूळ सर्व्हर उत्तर देतो आणि मोकळा होतो. कुणी नेलं, त्याने पुढे किती जणांना दिलं, याची यादी तो ठेवत नाही. ठेवायची म्हटली तर असंख्य रिझॉल्व्हरांचा हिशोब ठेवावा लागेल, आणि निरोपाच्या वेळी त्यातला एखादा बंद असेल तर तो शिळाच राहील.

स्लॅकचं नेमकं हेच झालं. आपली उत्तरं खरी आहेत हे डिजिटल सहीने पटवण्याची सोय कंपनी सुरू करत होती. त्यासाठी .com च्या यादीत ‘या नावाची उत्तरं सहीनिशी येतील’ अशी नोंद केली गेली. तिची मुदत होती २४ तास. अडचणी दिसताच कंपनीने ती नोंद काढून घेतली आणि मग सही करणंही थांबवलं. पण ज्या रिझॉल्व्हरांकडे त्या नोंदीची प्रत होती, ते सहीची वाट पाहत होते. बिनसहीचं खरं उत्तर त्यांनी बनावट समजून नाकारलं. शेवटी इंटरनेट कंपन्यांना तुमचा साठा पुसा, अशी विनंती करावी लागली. ज्यांनी पुसला नाही, त्यांच्याकडे मुदत संपण्याची वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता. माझ्या मते खरी चूक क्रमाची होती. नोंद काढल्यावर २४ तास सही चालू ठेवायला हवी होती.

मुदत नेहमीच ५ मिनिटांची ठेवली तर? तसं चालतं, पण मग मूळ सर्व्हरवर प्रश्नांचा मारा वाढतो आणि तो काही वेळ बंद पडला तर आधार द्यायला साठा उरत नाही. स्थिर नोंदीला लांब मुदतच योग्य.

आपल्या रिझॉल्व्हरकडची प्रत आणखी किती टिकणार, हे असं पाहता येतं:

```
dig example.com
```

उत्तराच्या ओळीत नावानंतरचा आकडा म्हणजे उरलेले सेकंद. पुन्हा विचारल्यावर तो कमी झालेला दिसला, तर उत्तर साठ्यातून आलं आहे.

तुमच्या संस्थेचं संकेतस्थळ हलवायचं असेल, तर जुनी मुदत एक दिवसाची असल्यास निदान एक दिवस आधी ती ३०० करा. मग पत्ता बदला, आणि जुना सर्व्हर लगेच बंद करू नका. काही रिझॉल्व्हर मुदत पाळत नाहीत, म्हणून तो आणखी दोन-तीन दिवस चालू ठेवा. सगळं स्थिरावलं की मुदत पुन्हा वाढवायला विसरू नका.